लो स्पीडवरची थंडी

हॉटेलच्या खोलीचं दार उघडून आत पाऊल टाकलं की डोक्यावरचं छत जरा खाली आलेलं असतं. एका बाजूला बाथरूमचं दार, दुसऱ्या बाजूला कपाट आणि वर जिप्समचं फॉल्स सीलिंग. चार पावलं पुढे गेलं की छत पुन्हा उंच होतं आणि त्या पायरीसारख्या उभ्या पट्टीत एक लांबट जाळी दिसते. थंड हवा येते ती तिथून. जाळीच्या मागे, त्या खाली उतरलेल्या छताच्या पोटात, पत्र्याची एक पेटी टांगलेली असते. तिचं नाव फॅन कॉइल युनिट, आणि हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्यांच्या तोंडी नुसतं एफसीयू. आत तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक कॉइल असते. तळघरातल्या किंवा गच्चीवरच्या चिलरमधून साधारण ७ अंशांचं पाणी तिच्यात येतं आणि १२ अंशांचं होऊन परत जातं. कॉइलवर हवा मारायला पंखा असतो आणि खाली गळणारं पाणी झेलायला एक ट्रे.

रिसेप्शनला रात्री-अपरात्री येणाऱ्या एसीच्या तक्रारी बहुतेक तीनच असतात: खोली गार होत नाही, आवाजामुळे झोप लागत नाही आणि छतातून पाणी टपकतंय. तिघींची पाळंमुळं बरेचदा एकाच दिवसात असतात, ज्या दिवशी कुणीतरी कॅटलॉग उघडून ‘या खोलीला एवढ्या टनाचं युनिट’ असं ठरवलं त्या दिवसात. ते कसं ठरतं आणि कसं ठरायला हवं, हे एका खोलीचं गणित मांडून पाहू.

समजा, अलिबागच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून एक हॉटेल उभं राहतंय. समुद्र पश्चिमेला, म्हणून प्रत्येक खोलीची मोठी काच पश्चिमेला. खोली २८ चौरस मीटरची, काच ६ चौरस मीटर. बाहेरच्या हवेसाठी मुंबईचे नेहमीचे डिझाइनचे आकडे घेऊ: उन्हाळ्यात ३५ अंश. आत २४ अंश आणि निम्मी आर्द्रता हवी. बरी काच आणि पडदा धरूनही संध्याकाळच्या पाचच्या सुमारास उन्हामुळे ७५० वॅट आत येतात. काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकाने झिरपणारे १९० आणि भिंतीचे ६०. दिवे १५०, टीव्ही आणि छोटा फ्रिज मिळून १५०, दोन माणसांच्या अंगाची ऊब १५०. बेरीज १,४५० वॅट. ही झाली सेन्सिबल उष्णता, म्हणजे थर्मामीटर वर नेणारी उष्णता.

हवेतल्या ओलाव्याचा हिशोब वेगळा. कॉइलवर वाफेचं पाणी होतं तेव्हाही थंडी खर्च होते, पण थर्मामीटर हलत नाही. या उष्णतेला लॅटंट म्हणतात. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा सतत थोडी हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच बाहेरची दमट हवा कुठून तरी आत घुसते. जुलैतली कोकणची हवा आणि दोन माणसांचे श्वास धरले तर हा आकडा ९०० वॅटच्या घरात जातो. दोन्ही मिळून २,३५० वॅट. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट, म्हणून ही गरज पाऊण टनाच्याही आत बसते. (काटेकोर बोलायचं तर उन्हाचा चटका मे महिन्यातला आणि ओलावा जुलैतला, दोन्ही एका वेळी येत नाहीत. पण सध्या बेरीजच घेऊ, कारण खरेदी खातं तीच घेतं.)

खरेदी खात्याच्या टेबलावर फाइल इथे बंद होते. पाऊण टनाचं युनिट २,६४० वॅटचं, गरज २,३५० ची. ‘वर मार्जिन पण आहे,’ असं म्हणून सही होते.

कॅटलॉगचा आकडा खोटा नसतो, पण तो कुठल्या परिस्थितीतला आहे हे तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. युरोपातल्या रिवाजाप्रमाणे तो आकडा येणारी हवा २७ अंशांची, ओल्या थर्मामीटरवर १९ अंशांची असताना मोजलेला असतो. अमेरिकी पद्धतही यापासून फार लांब नाही. आपल्या पाहुण्याला मात्र खोली २४ अंशांवर हवी आहे आणि निम्म्या आर्द्रतेच्या त्या हवेत ओला थर्मामीटर १७ दाखवतो. कॉइलवर येणारी हवा आधीच गार आणि कोरडी असेल, तर ७ अंशांच्या पाण्याला तिच्यातून काढायला उरतं ते कमीच. दुसरी गोष्ट, तो आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा आहे. तिसरी गोष्ट अशी की बऱ्याच कॅटलॉगांत हवेचा आकडा युनिटला डक्ट, जाळी काहीच जोडलेलं नसतानाचा असतो. खऱ्या खोलीत मागे फिल्टर, पुढे हातभर डक्ट आणि तोंडाला जाळी असते, आणि हा अडथळा पंख्याला पेलावा लागतो. एक टनाचं युनिट कागदावर मिनिटाला ४०० घनफूट हवा फेकतं, म्हणजे ४०० सीएफएम. तेच छतात बसवल्यावर हाय स्पीडला ३२०, मीडियमला २३० आणि लो स्पीडला १५० वर येणं अगदी नेहमीचं. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण घसरणीची जात हीच.

आता एक सोपं गणित. हवेचे सीएफएम गुणिले हवा किती अंशांनी गार झाली तो फरक गुणिले ०.५७, म्हणजे सेन्सिबल थंडी किती वॅट ते कळतं. लो स्पीडला हवा कॉइलपाशी जास्त रेंगाळते, म्हणून ती १२ अंशांपर्यंत उतरते, फरक १२ अंशांचा. एक टनाच्या युनिटला लो स्पीडवर १५० गुणिले १२ गुणिले ०.५७, म्हणजे १,०२५ वॅटच्या आसपास. मीडियमला फरक थोडा कमी, ११.३ अंश, पण हवा २३० सीएफएम, म्हणून जवळपास १,४८० वॅट. हाय स्पीडला १,८८० च्या आतबाहेर. आता पाऊण टनाचं युनिट याच पद्धतीने तपासा. लो स्पीडला ७७०, मीडियमला सव्वाअकराशे आणि हाय स्पीडला कसेबसे १,४७५ वॅट. म्हणजे कागदावर मार्जिन असलेलं हे युनिट पश्चिमेच्या उन्हात फक्त हाय स्पीडवर पुरतं आणि तेव्हाही श्वास घ्यायला जागा उरत नाही. पाहुणा समुद्रावरून परत येऊन दुपारी आडवा होतो नेमकी तीच वेळ. त्याच्यापुढे दोनच पर्याय राहतात: घाम किंवा घरघर.

म्हणून हॉटेलच्या खोलीसाठी कॅटलॉग शेवटच्या रकान्याकडून वाचायचा असतो: लो स्पीड, सेन्सिबल, २४ अंशांच्या खोलीत, डक्ट जोडून. चांगले सल्लागार निविदेत हेच चार शब्द घालतात आणि पुरवठादाराला त्याच परिस्थितीत आकडे काढून द्यायला लावतात. आजकाल प्रत्येक बऱ्या कंपनीकडे निवडीचं सॉफ्टवेअर असतं, त्यात हे दोन मिनिटांचं काम आहे. कुणी टाळाटाळ करत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा आकड्यातच असतं.

पण लो स्पीडला नेमका किती भार पेलायचा? इथे दोन पंथ आहेत. एका पंथाचं म्हणणं असं की सगळ्यात वाईट वेळेचा पूर्ण भार लो स्पीडलाच पेलला पाहिजे. मग आपल्या खोलीला दीड टनाचं युनिट लागतं. त्याची लो स्पीडची हवा २२५ सीएफएम, थंडी १,५४० वॅट, सगळं ठीक. दुसरा पंथ म्हणतो की सगळ्यात वाईट वेळ मीडियमवर निभवा आणि झोपेची वेळ लो स्पीडवर. मी दुसऱ्या पंथाचा, आणि त्याला कारण रात्रीचं गणित आहे. रात्री अकरा वाजता ऊन नाही, दिवे बंद. काचेतून आणि भिंतीतून शंभरेक वॅट, दोन झोपलेली माणसं १२०, फ्रिज आणि चार्जर ८०, दिवसभर तापलेल्या भिंती-फरशीतून परत येणारे दोनेकशे. एकूण ५०० वॅट. एक टनाचं युनिट लो स्पीडवर १,०२५ देतं, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह निम्मा वेळ उघडा. दीड टनाचं युनिट त्याच वेळी १,५४० देतं. त्याचा व्हॉल्व्ह तीन भागांत एकच भाग उघडतो आणि उरलेला वेळ बंद राहतो.

व्हॉल्व्ह बंद झाला तरी पंखा बहुतेक ठिकाणी चालूच असतो. कॉइलच्या पात्यांना चिकटलेलं पाणी मग त्याच हवेत सुकतं आणि नुकताच काढलेला ओलावा खोलीत परत येतो. व्हॉल्व्ह थोडाच वेळ उघडला तर कॉइल भिजेपर्यंतच तो पुन्हा मिटतो, ट्रेपर्यंत पाणी पोहोचतच नाही. थर्मोस्टॅट २४ दाखवतो, पण चादर ओलसर लागते आणि कपाट उघडल्यावर कुबट वास येतो. पाहुणा तापमान खाली ओढतो, २२, मग २०. खोली गार होते पण कोरडी होत नाही. किनाऱ्यावरच्या अनेक हॉटेलांत ‘एसी चालू आहे पण बरं वाटत नाही’ या तक्रारीमागे अवाढव्य युनिट असतं आणि उपाय म्हणून त्याहून मोठं युनिट सुचवलं जातं.

इथे एक पोटकलम जोडायला हवं. खोलीत येणारी ताजी हवा वेगळ्या यंत्रात आधीच कोरडी करून सोडली असेल, तर एफसीयूवर ओलाव्याचा भार जवळपास उरतच नाही आणि थोडं मोठं युनिट खपून जातं. तशी सोय नसेल, तर ९०० वॅटचा ओलावा खोलीतल्या पेटीने काढावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. लो स्पीडवर एक टनाचं युनिट सलग चाललं तरी ओलाव्यापोटी साडेचारशेच्या आसपास वॅट काढतं, आणि रात्री ते सलग चालतही नाही. म्हणून समुद्राकाठी पैसे कमी पडत असतील तर ते एफसीयूच्या टनात न घालता ताज्या हवेच्या यंत्रात घालावेत.

आणि एफसीयूमध्येच थोडी भर घालायची असेल तर ती कॉइलमध्ये घालावी, पंख्यात नको. कॉइलमध्ये नळ्यांच्या रांगा असतात, तीन किंवा चार. तीनऐवजी चार रांगांची कॉइल घेतली की त्याच लो स्पीडच्या हवेतून दहाएक टक्के जास्त थंडी मिळते, हवा आणखी गार होऊन निघते आणि पाणीही जास्त गळतं. पंख्यावर अडथळा थोडा वाढतो, आवाजात मात्र कानाला कळेल असा फरक पडत नाही. आपल्या खोलीला माझी निवड हीच: एक टन, चार रांगा. मीडियमला सोळाशेच्या आसपास वॅट, लो स्पीडला अकराशे. ऊन उतरलं की सातनंतर लो स्पीड पुरेसा.

आता आवाजाकडे वळू. खोल्यांमधला आवाज मोजायला एनसी नावाच्या रेषा वापरतात. अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञ लिओ बेरानेक यांनी त्या १९५७ मध्ये मांडल्या. जाडा घुमणारा आवाज माणूस सहन करतो, बारीक सूंसूं कमी सहन करतो, म्हणून प्रत्येक पट्टीतल्या आवाजाला वेगळी मर्यादा असते आणि ती जोडून एक रेषा होते. हॉटेलच्या खोलीसाठी एनसी ३० हा आकडा जगभर धरला जातो. साध्या मीटरवर तो साधारण ३५-३७ डेसिबल दिसतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात ठेवलं की पुढचं समजतं. पंख्याचा वेग सत्तर टक्क्यांवर आणला तर आवाज सुमारे ८ डेसिबलने उतरतो, साठ टक्क्यांवर आणला तर ११ ने. म्हणजे हाय स्पीडला एनसी ४० असलेलं युनिट मीडियमला तिशीच्या जरा वर येतं आणि लो स्पीडला तिशीच्या खाली. पाऊण टनाच्या युनिटने पाहुण्याला हाय स्पीडवर अडकवलं, ते या हिशोबाने त्याच्या उशाशी दुप्पट आवाज ठेवून.

आवाजाच्या रकान्यातही बारीक अक्षरं असतात. कॅटलॉगमधला ‘२८ डेसिबल’ हा आकडा कधी दीड मीटरवरचा असतो, कधी खोली ९-१० डेसिबल गिळून टाकेल असं गृहीत धरून काढलेला असतो, कधी डक्ट नसतानाचा असतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची तर दोघींकडून साउंड पॉवर मागावी, म्हणजे यंत्रातून मुळात निघणारा आवाज, तोही पट्टीपट्टीने आणि लो व मीडियम अशा दोन्ही वेगांवर. तो आकडा मोठा दिसतो म्हणून विक्रेते तो पुढे करत नाहीत. पण खोलीचा हिशोब करता येतो तो त्याच्यावरूनच.

युनिट चांगलं निवडूनही आवाज येतो तो बहुतेक मागच्या वाटेने. पुढच्या जाळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तिथे डक्टला आतून अस्तर लावलेलं असतं. परतीच्या हवेची जाळी मात्र फॉल्स सीलिंगमध्ये थेट पंख्याच्या तोंडाखाली कापलेली असते. तिथून पंखा सरळ खोलीत ऐकू येतो. ही जाळी हातभर बाजूला सरकवली, मध्ये अस्तर लावलेली एक पेटी दिली, तर केवढा तरी फरक पडतो आणि खर्च नगण्य येतो. जाळीचा आकारही महत्त्वाचा: हवा सेकंदाला दीड मीटरच्या आत राहील एवढी मोठी जाळी घ्यावी. सजावटकार ती अरुंद रेघेसारखी करायला बघतात आणि मग पंखा शांत असूनही जाळी शिट्टी घालते.

एक आवाज आपल्याकडचा खास आहे. स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावून पंख्याचा वेग कमी केला की मोटर गुणगुणायला लागते. आपल्या वीजपुरवठ्याच्या ५० फेऱ्यांच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा तो सूर असतो. लो स्पीडला हवेचा आवाज खाली गेलेला असतो, म्हणून हा सूर तेव्हाच उघडा पडतो. वेगासाठी वेगळे टॅप दिलेली मोटर घेतली तर हा त्रास बराच कमी होतो. ईसी मोटर महाग, पण तिचा वेग हवा तिथे बसवता येतो आणि ती वीजही कमी खाते. मोठ्या हॉटेलात ती परवडते असं माझं मत.

फार शांततेचाही सोस नको. पूर्ण निःशब्द खोलीत शेजारच्याचा टीव्ही आणि कॉरिडॉरमधल्या चाकांच्या बॅगा स्पष्ट ऐकू येतात. मंद, एकसुरी हवेचा आवाज हे सगळं झाकतो. झोप मोडते ती बदलामुळे: ऑटोवर ठेवलेला थर्मोस्टॅट रात्री दोन वाजता लो वरून एकदम हाय ला उडी मारतो तेव्हा. रात्री अकरा ते सकाळी सात वेग लो च्या वर जाऊच नये असं थर्मोस्टॅटला सांगून ठेवता येतं, पण ते सांगायला लो स्पीडची थंडी पुरी पडणारी हवी. सगळं पुन्हा त्याच रकान्यावर येतं.

हे कागदावर पटत नसेल तर नमुना खोलीत तपासावं. रात्री उशीवर मीटर ठेवायचा, फ्रिज आणि एफसीयू बंद करून खोलीचा स्वतःचा आवाज घ्यायचा, मग लो, मीडियम, हाय. तीन वेगांना पंधरा-पंधरा मिनिटं द्यायची आणि जाळीतून निघणाऱ्या हवेचं तापमानही टिपायचं. शंभर खोल्यांची ऑर्डर देण्याआधी ही एक रात्र घालवली पाहिजे.

उरलं पाणी. बाल्कनीचं दार उघडं आणि पंखा हाय वर, अशा वाईट वेळी एक टनाचं युनिट ओलाव्यापोटी १,२०० वॅटपर्यंत खर्च करतं. त्याचं पाणी होतं तासाला पावणेदोन लिटर. दमट दिवशी सरासरी तासाला सव्वा लिटर धरलं तरी चोवीस तासांत तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या, तुमच्या कपाटाच्या वर. एका खोलीतून एवढं पाणी निघतं हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण तासाला दोन लिटर ही नळाच्या दृष्टीने बारीक धारही नाही. २५ मिलिमीटरचा पाइप त्याला कितीतरी मोठा आहे. ड्रेन तुंबते ती पाण्याच्या प्रमाणामुळे नाही. तिला उतार नसतो आणि तिच्यात घाण असते.

उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर हवा. ट्रेपासून बाथरूमच्या शाफ्टपर्यंत अडीच मीटर अंतर असेल तर अडीच सेंटिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण त्या खाली उतरलेल्या छतात एकेका सेंटिमीटरवरून भांडण असतं. वर बीम, खाली सजावटकाराला हवी असलेली उंची, मध्ये २५ सेंटिमीटरची पेटी, शिवाय गार पाण्याचे पाइप, स्प्रिंकलर, वायरिंग. ड्रेन शेवटी बसवतात आणि उरलेल्या जागेतून ती वळणं घेत जाते. कुठेतरी ती दोन मिलिमीटर वर चढते आणि मागे पाणी साचतं. म्हणून युनिट टांगतानाच ते ड्रेनच्या तोंडाकडे काही मिलिमीटर झुकवतात आणि पाइपच्या मार्गात ड्रेनला पहिला मान देतात. जिथे उतार मिळतच नाही तिथे छोटा पंप लावता येतो, पण तो मध्यरात्री गुरगुरतो आणि एक दिवस बंद पडतो. उंची दोन सेंटिमीटरने कमी करणं त्याहून बरं.

पाइपच्या सुरुवातीला यू आकाराचा ट्रॅप हवा. काही युनिटांत पंखा कॉइलच्या पुढे असतो आणि हवा ओढून घेतो. तिथे ट्रेवर किंचित ओढ असते आणि ट्रॅप नसेल तर पाइपमधून हवा आत येत राहते, पाणी बाहेर जातच नाही. ते ट्रेमध्ये साठतं आणि पंखा बंद झाला की एकदम सुटतं. आपल्याकडच्या छतातल्या बऱ्याच युनिटांत पंखा मागे असतो आणि कॉइलवर हवा ढकलतो. तिथे पाणी जातं, पण ट्रॅप नसेल तर ड्रेनलाइनमधून थंड हवा फुकट जाते आणि पंखा बंद असताना गटाराचा वास वर येतो. ट्रॅपची खोली फार लागत नाही. पंख्याचा दाब ५० पास्कल म्हणजे पाण्याचे जेमतेम ५ मिलिमीटर, त्यामुळे पाच सेंटिमीटरचा ट्रॅप भरपूर झाला. अडचण वेगळीच येते: डिसेंबर-जानेवारीत पाणी गळत नाही, ट्रॅप सुकतो आणि वाट मोकळी होते. म्हणून एफसीयूची ड्रेन कधीही थेट मैल्याच्या पाइपला जोडू नये. ती वेगळ्या उभ्या पाइपात न्यावी आणि शेवटी नहाणी ट्रॅपच्या वर उघडी सोडावी, मध्ये दिसेल एवढी हवा ठेवून.

ट्रेच्या बाजूला पाण्याचे व्हॉल्व्ह आणि गाळणी असतात. त्यांच्यातून ७ अंशांचं पाणी जातं आणि पावसाळ्यात कोकणातल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. इन्सुलेशनमध्ये बोटभर फट राहिली तरी तिथे घाम सुटतो. मूळ ट्रे फक्त कॉइलखाली असेल तर हे थेंब जिप्समवर पडतात, म्हणून व्हॉल्व्हखालीही पोहोचणारा लांब ट्रे युनिटसोबतच मागवावा. ड्रेनच्या पाइपालाही निदान पहिल्या काही मीटरना इन्सुलेशन लागतं, कारण आतलं पाणीही थंडच असतं. ट्रेमध्ये एक फ्लोट स्विच असावा, पाणी वर चढलं की व्हॉल्व्ह बंद करणारा. पाहुण्याच्या बॅगेवर पाणी पडण्यापेक्षा ‘खोली गार होत नाही’ असा फोन येणं परवडतं.

पाणी कधी आणि कुठून पडतं यावरून दुखणं ओळखता येतं. पंखा बंद केल्यावर धार सुटली तर ट्रॅप नाही किंवा चुकीचा आहे. बाथरूमच्या बाजूला डाग हळूहळू पसरत असेल तर व्हॉल्व्हचं इन्सुलेशन बघावं. फक्त हाय स्पीडला जाळीतून तुषार येत असतील तर कॉइलच्या मानाने हवा जास्त आहे. सेकंदाला अडीच मीटरच्या वर गेलेली हवा पात्यांवरचे थेंब उचलून नेते. आणि लो स्पीडला जाळीच्या कडांवर थेंब जमत असतील तर बाल्कनीचं दार उघडं आहे असं समजावं. लो स्पीडची हवा १२ अंशांपर्यंत उतरलेली असते, तिने जाळीही गार झालेली असते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर येऊन थबकते. दाराला एक स्विच लावून दार उघडताच व्हॉल्व्ह बंद करणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय. पाहुणे पहिल्या दिवशी कुरकुरतात, दुसऱ्या दिवशी दार लावतात.

छत बंद करण्याआधी प्रत्येक ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओतून पाहायचं असतं. एक माणूस ट्रेपाशी, एक शाफ्टमध्ये पाइपाच्या तोंडाशी. पाणी काही मिनिटांत सगळं उतरलं पाहिजे आणि ट्रेच्या कोपऱ्यात डबकं राहता कामा नये. ही चाचणी दोनदा करावी: एकदा युनिट टांगल्यावर आणि एकदा रंगारी गेल्यावर. मधल्या काळात ट्रेमध्ये पुट्टी, जिप्समचा भुगा, वायरचे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या पडतात, आणि पहिल्या पावसाळ्यात तुंबतात त्या बहुतेक याच ड्रेन. पुढे दरवर्षी ट्रेमध्ये जेलीसारखा चिकट थर धरतो, तो पावसाळ्याआधी काढावा लागतो. त्यासाठी माणसाचे दोन्ही खांदे आत जातील आणि ट्रे सरकून बाहेर येईल एवढं ट्रॅपडोअर हवं. सजावटकाराच्या ड्रॉइंगमध्ये ते फूटभर रुंद असतं आणि कपाटाच्या बरोबर वर असतं. ड्रॉइंगवर सही करण्याआधी टेप घेऊन तेवढं मोजून घ्यावं.